वीस महिन्यांची मुलगी, एक कान आणि दोन चिठ्ठ्या: अँटिबायोटिक आत्ता द्यायचं की थांबायचं?

प्रश्न: माझी मुलगी २० महिन्यांची आहे, वजन १० किलो. चार दिवस सर्दी होती. परवा रात्री दोन वाजता किंचाळत उठली, उजव्या कानाला हात लावू देईना. ताप १००.८. काल सकाळी आमच्या डॉक्टरांनी दोन्ही कान पाहिले. उजवा पडदा थोडा फुगलाय, डावा ठीक आहे, दोन दिवस फक्त दुखण्याचं औषध द्या, अँटिबायोटिकची चिठ्ठी देऊन ठेवतो पण लगेच आणू नका, असं म्हणाले. घरच्यांना पटलं नाही, म्हणून संध्याकाळी दुसरीकडे नेलं. तिथे कानात न बघताच तीन दिवसांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिलं. काल रात्री ती एकदाच उठली, आज ताप नाही, खेळतेय. औषध अजून सुरू केलेलं नाही. सासूबाईंना भीती वाटते की थांबलो तर पू आत मेंदूकडे जाईल, ऐकू कमी येईल. काय करू?

उत्तर: अ‍ॅझिथ्रोमायसिनची बाटली उघडू नका. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा. आजची रात्र आणि उद्याचा दिवस बघा, त्यांची चिठ्ठी हाताशी ठेवा.

मी इतकं स्पष्ट सांगतेय, कारण निर्णयाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तुम्ही लिहिल्या आहेत. मुलगी सहा महिन्यांच्या वरची आहे. एकाच कानात दोष आहे. ताप १०२.२ फॅरनहाइटच्या, म्हणजे ३९ सेल्सिअसच्या, खाली राहिला. दुखणं औषधाने आटोक्यात आलं. कान वाहिलेला नाही. या गोष्टी जुळल्या की थांबता येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात आणि ब्रिटनमधली तत्त्वंही फार वेगळी नाहीत. शिवाय पहिल्या किंकाळीला आता दीड दिवस होत आला आणि ती खेळतेय. आजार उतरणीला लागलाय. आत्ता अँटिबायोटिक दिलं तर उद्या ती बरी होईल आणि श्रेय औषधाला जाईल. पण औषध न देताही ती बहुधा उद्या बरीच असेल.

आत काय घडतं ते समजलं की थांबण्यामागचं कारण कळतं. नाकाच्या मागच्या भागापासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी असते. मधल्या कानात हवा पोचवायची आणि तिथला ओलावा घशाकडे उतरवायचा, हे तिचं काम. मोठ्या माणसात ती उतरती असते. दोन वर्षांच्या आतल्या मुलात ती आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की तिचं नाकाकडचं तोंड सुजून बंद होतं. आतली हवा शोषली जाते, पोकळीत पाणी झिरपतं आणि नाकात एरवी गुपचूप राहणारे जंतू तिथे वाढतात. पाण्याचा पू होतो, पडदा आतून बाहेर ढकलला जातो आणि कान ठणकतो. म्हणूनच सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणि आडवं झाल्यावर रात्री हा प्रकार होतो. तुमच्या मुलीचं अगदी असंच झालं.

हे जंतू मुख्यतः तीन: न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला. तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. मोराक्सेलाचा संसर्ग बहुतेक मुलांत आपोआप जातो, हिमोफिलसचा साधारण निम्म्या मुलांत, पण न्यूमोकोकसचा पाचांपैकी जेमतेम एकात. पडद्याकडे बघून आत कोण बसलंय ते सांगता येत नाही. म्हणून आम्ही जंतूचा अंदाज बांधत बसत नाही. मुलाचं वय, एक कान की दोन, ताप आणि दुखण्याचा जोर यावर ठरवतो.

घरच्यांना एक गोष्ट नक्की सांगा. पहिल्या चोवीस तासांतलं दुखणं अँटिबायोटिकने कमी होत नाही. औषध दिलं काय, न दिलं काय, शंभरातल्या साठ मुलांचं दुखणं एका दिवसात थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा फरक पडतो. वीस मुलांना अँटिबायोटिक दिलं तर त्यातल्या एकाला त्याचा उपयोग होतो, बाकीची एकोणीस एरवीही तशीच राहिली असती. आणि दर चौदा मुलांमागे एकाला त्याच औषधाने जुलाब, उलट्या किंवा अंगावर पुरळ येतं. रात्री दोन वाजता किंचाळणाऱ्या लेकराला हवं असतं ते वेदनेचं औषध, पुरेशा मात्रेत. ते कमी पडतं म्हणून रात्र लांबते आणि आईबापांना वाटतं की अँटिबायोटिक नाही म्हणून दुखतंय.

आता निदानाकडे येते, कारण खरा घोळ तिथेच होतो. मूल रडलं की पडदा लाल होतो. ताप असला तरी लाल होतो. तपासताना दोन मिनिटं कळवळून रडलेल्या कुठल्याही मुलाच्या कानात ऑटोस्कोप घाला, दोन्ही पडदे गुलाबी दिसतील. त्यामुळे नुसता ‘कान लाल आहे’ हा शब्द मी संसर्गाचा पुरावा मानत नाही. बघायचं असतं ते फुगणं. हाडाची बारीकशी दांडी पडद्याला मध्यभागी आतून धरून असते. पू साचला की कडा बाहेर येतात आणि मधला भाग खोल राहतो, पडदा मेदूवड्यासारखा दिसतो. तो पिवळट, अपारदर्शक असतो आणि ऑटोस्कोपला जोडलेल्या रबरी फुग्याने हवेची हलकी फुंकर मारली तरी जागचा हलत नाही. असं चित्र दिसलं तर मधल्या कानाचा संसर्ग पक्का. पडदा आत ओढलेला किंवा जागेवरच आहे, मागे नुसतं स्वच्छ पाणी आहे आणि मूल हसतंय, तर ते सर्दीनंतर उरलेलं पाणी. त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

मूल कान ओढतंय ही खूणही एकटी फारशी कामाची नाही. दात येताना, झोप आली की, डोक्यात घाम आला की, एवढंच काय कंटाळा आला तरी ही मुलं कान ओढतात. पण सर्दीत तिसऱ्या दिवशी एकाएकी रात्रीची किंकाळी, नव्याने ताप आणि दूध ओढताना रडणं हे एकत्र आलं तर कान बघितलाच पाहिजे. दोन्ही बघितले पाहिजेत. मळ आडवा आला तर तो काढून बघितले पाहिजेत. कानात न बघता लिहिलेली चिठ्ठी चुकीचीच असेल असं मी म्हणत नाही. पण त्या चिठ्ठीत थांबावं की थांबू नये हे ठरवण्याची सोयच नसते, कारण एक कान की दोन हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं.

एक की दोन यावर मी इतका भर देते त्याला कारण आहे. २००६ मध्ये वेगवेगळ्या चाचण्यांतल्या मुलांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण झालं. दोन वर्षांखालच्या, दोन्ही कान बिघडलेल्या मुलांत अँटिबायोटिक न दिलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना तीन ते सात दिवसांनीही ताप किंवा दुखणं होतं. दिलेल्या गटात ३० जणांना. हा फरक मोठा आहे, इतका की त्या मुलांच्या बाबतीत मी थांबत नाही. ज्यांचा कान वाहत होता त्यांच्यातही असाच मोठा फरक दिसला, वय काहीही असो. एकच कान, तोही न वाहणारा, अशा मुलांत मात्र फरक इतका छोटा झाला की थांबणं सुरक्षित ठरतं. तुमची मुलगी या शेवटच्या गटातली आहे.

दुसऱ्या बाजूचं एक उदाहरण सांगते, म्हणजे मी सरसकट अँटिबायोटिकच्या विरोधात आहे असं वाटणार नाही. ११ महिन्यांचा एक मुलगा, वजन साडेआठ किलो. ताप १०२.६, दोन दिवस दूध नीट ओढत नव्हता. दोन्ही पडदे चांगलेच फुगलेले. त्याच्या आईने आधीच कुठेतरी वाचलं होतं की कानाला अँटिबायोटिक लागत नाही, आणि ती थांबायला तयार होती. मी नाही म्हटलं. दोन वर्षांच्या आत, दोन्ही कान, १०२.२ च्या वर ताप, यातली शेवटची एकच गोष्ट असती तरी औषध सुरू केलं असतं. इथे सगळंच होतं.

त्याला लिहिलं अमॉक्सिसिलिन. साधं, जुनं, स्वस्त. पण मात्रा नेहमीच्यापेक्षा दुप्पट: दर किलोला दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. न्यूमोकोकसच्या काही जातींवर कमी मात्रा चालत नाही आणि कानाच्या बंद पोकळीत औषध तसंही कमीच पोचतं, म्हणून मात्रा वाढवावी लागते. साडेआठ किलोला दिवसाचे साधारण ७०० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ३५०. सिरप ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं असेल तर एका वेळी ७ मिली, सकाळ-संध्याकाळ. दिवसाला १४ मिली, दहा दिवसांचे १४० मिली. ६० मिलीची बाटली असेल तर तीन लागतात. मी हा हिशेब मुद्दाम चिठ्ठीवर लिहून देते. घरात एक बाटली संपली की कोर्स संपला असं धरलं जातं, आणि या मात्रेत ती चार दिवसांतच संपते. कोरडी पावडर असलेली दुसरी बाटली गरज पडेल तेव्हाच उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळायची, कारण मिसळलेलं औषध बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपुरतंच टिकतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. ताप १०२ च आहे, रडणं तसंच. मी तिला म्हटलं, बाटली हातात घ्या आणि लेबल मोठ्याने वाचा. ‘प्रत्येक ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम.’ दुकानात २५० चं नव्हतं म्हणून १२५ चं दिलं होतं, आणि ती मात्र ७ मिलीच पाजत होती. मुलाला निम्मंच औषध जात होतं. मिली दुप्पट केले आणि त्यानंतर दीड दिवसात ताप गेला. तिचा फोन आला नसता तर पुढच्या डॉक्टरांनी त्याच्या कागदावर ‘अमॉक्सिसिलिन लागू पडत नाही’ असं लिहिलं असतं आणि मूल महागड्या, जास्त व्यापक औषधावर गेलं असतं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर मिलीसोबत मिलिग्रॅमही लिहिते आणि पालकांना सांगते की दुकानातून निघण्यापूर्वी लेबलवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा.

तुमच्या मुलीला उद्या औषध लागलंच तर १० किलोला एका वेळी ४०० ते ४५० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या सिरपचे ८ ते ९ मिली, दोनदा. पहिल्या चिठ्ठीवर याच्या आसपासचा आकडा आहे का ते पाहा. बराच कमी असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा, त्यात संकोच करू नका. गेल्या महिन्याभरात तिने अमॉक्सिसिलिन घेतलं असेल, किंवा कानासोबत डोळ्यांतून पिवळी घाण येत असेल, तर साध्या अमॉक्सिसिलिनऐवजी क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेलं औषध लागतं, कारण तिथे हिमोफिलस असण्याची शक्यता जास्त असते. हे औषधही बाजारात वेगवेगळ्या प्रमाणात मिळतं. चुकीच्या प्रमाणाची बाटली घेऊन मात्रा वाढवली तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जास्त जातं आणि जुलाब लागतात. त्यामुळे ते स्वतःच्या मनाने कधीच बदलू नका.

अ‍ॅझिथ्रोमायसिनला मी नाही म्हणते, कारण आपल्याकडे न्यूमोकोकसच्या बऱ्याच जाती त्याला दाद देत नाहीत आणि हिमोफिलसवर ते दुबळं आहे. दिवसातून एकदा, तीन दिवस, गोड चव, म्हणून ते लोकप्रिय झालंय. पेनिसिलिनची खरीखुरी अ‍ॅलर्जी, म्हणजे औषधानंतर लगेच अंगभर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं झालेलं असेल, तर पर्यायांचा विचार करावा लागतो. सेफिक्सिमही आपल्याकडे कानासाठी सर्रास लिहिलं जातं. हिमोफिलसवर ते चांगलं आहे, पण ज्या जंतूची आपल्याला सर्वांत जास्त काळजी त्या न्यूमोकोकसच्या हट्टी जातींवर कमी पडतं.

दिवसांबद्दलही थोडं सांगते. दोन वर्षांखालच्या मुलाला अँटिबायोटिक सुरू केलंच तर मी दहा दिवस देते. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांना पाच दिवस विरुद्ध दहा दिवस अशी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच दिवसवाल्यांत ३४ टक्के मुलांत उपचार अपुरा पडला, दहा दिवसवाल्यांत १६ टक्के. मोठ्या मुलांना पाच ते सात दिवस पुरतात. म्हणजे काटकसर करायची ती कोणाला सुरू करायचं यात. सुरू केल्यावर मात्रेत आणि दिवसांत करायची नाही.

आता तुमच्या हातात असलेल्या दीड-दोन दिवसांबद्दल. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल, एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर. तुमच्या मुलीला १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० असलेल्या सिरपचे ते ३ मिली होतात, ५ मिलीत १२० असलेल्याचे ६ मिली आणि थेंबांच्या बाटलीत, जिथे एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात, तिथे फक्त दीड मिली. या तीन बाटल्या दिसायला सारख्या असतात आणि घराघरांत एकाच वेळी दोन प्रकारच्या सापडतात. थेंबांच्या बाटलीतून ६ मिली दिले गेले तर ते चौपट होतात, यकृताला इजा करतील इतके. म्हणून एकच बाटली पुढे ठेवा, बाकीच्या कपाटात वर टाका. पहिल्या चोवीस तासांत दुखेल तेव्हा देऊ असं न म्हणता, झोपण्यापूर्वी एक डोस ठरवून द्या. ताप नसला तरी चालतं, कारण औषध आपण दुखण्यासाठी देतोय.

पॅरासिटॅमॉलने भागलं नाही तर आयबुप्रोफेन, दर किलोला १० मिलिग्रॅम, काहीतरी खाल्ल्यावर, आठ तासांच्या अंतराने. मात्र पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी ते हात राखून वापरते. आपल्याकडे तो डेंग्यूचा काळ असतो आणि डेंग्यूच्या तापात आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. कान फुगलेला स्वतः पाहिलाय, तापाचं कारण कळलंय, मूल पाणी पितंय, लघवी होतेय, तरच. तुमच्या मुलीला आत्ता त्याची गरज दिसत नाही.

कानात काही घालू नका. कोमट गोडेतेल, लसूण टाकून कडवलेलं तेल, दुधाचे थेंब, हे सगळं आपल्याकडे मायेनेच होतं, पण पू पडद्याच्या आतल्या बाजूला आहे आणि तेल बाहेरच राहतं. पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेच तेल आत जातं. तेलाने ओला राहिलेला कान बुरशीने भरतो, आणि मग पडदा दिसतच नाही म्हणून निदानही अडतं. गरम तेलाने भाजलेली कानाची कातडी मी पाहिली आहे. सर्दीची मिश्र सिरपंही देऊ नका. त्यांनी नळी उघडत नाही, कान लवकर बरा होत नाही. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापायला २०२३ मध्ये सरकारी औषध नियंत्रकांनी सांगितलंय. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे साधे थेंब नाकात घाला, तेवढं पुरे. बाटलीने दूध पीत असेल तर झोपवून पाजू नका, मांडीत उभट धरा.

हातात ठेवलेली चिठ्ठी वापरायची कधी? आजच्या रात्रीनंतर, म्हणजे तपासणीपासून ४८ तास उलटल्यावरही दुखणं तसंच असेल, तर औषध आणून सुरू करा. ताप १०२.२ च्या वर गेला, कान वाहू लागला किंवा ती आधी बरी होऊन पुन्हा रात्रभर ओरडू लागली, तर ४८ तासांची वाट बघायची नाही, त्याच दिवशी पुन्हा दाखवा. या पद्धतीचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेत येल इथल्या इमर्जन्सी विभागात आलेल्या मुलांच्या पालकांपैकी निम्म्यांना नेहमीसारखी चिठ्ठी दिली आणि निम्म्यांना ‘दोन दिवसांत बरं नाही वाटलं तरच आणा’ असं सांगून दिली. थांबायला सांगितलेल्यांपैकी ६२ टक्के लोकांनी औषध आणलंच नाही, कारण लागलंच नाही. यात पालकांना परत दवाखान्यात ताटकळावं लागत नाही आणि डॉक्टरांनाही ‘उगाच धोका नको’ म्हणून लिहून टाकावं लागत नाही.

मात्र सगळ्यांनी असं थांबायचं नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, टाळू दुभंगलेलं मूल, डाऊन सिंड्रोम असलेलं मूल, प्रतिकारशक्ती कमी असलेलं किंवा कानात आधीच नळ्या बसवलेलं मूल, यांच्या बाबतीत डॉक्टर बघतील तसंच. आणि घर दवाखान्यापासून इतकं लांब असेल की दोन दिवसांनी पुन्हा संपर्कच होणार नाही, तर मीही पुष्कळदा तिथल्या तिथे औषध सुरू करते. थांबणं सुरक्षित ठरतं ते पुन्हा बघायची सोय असली तरच.

कान वाहिला तर घाबरू नका. रात्री रडारड, सकाळी उशीवर पिवळा डाग आणि मूल शांत, असं होतं. पडद्याला बारीक भोक पडून पू बाहेर आला, आतला दाब उतरला, म्हणून दुखणं थांबलं. हे भोक बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप भरतं. पण वाहणारा कान म्हणजे अँटिबायोटिक द्यायचं कारण, ते त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. स्वच्छ सुती कापडाची वात वळून कानाच्या तोंडाशी ठेवा, भिजली की बदला, कान कोरडा होईपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. कापूस लावलेल्या काड्या आत घालू नका, अंघोळीत पाणी जाऊ देऊ नका, आणि घरात पडलेले कानाचे जुने थेंब घालू नका, कारण त्यातली काही औषधं पडद्याच्या भोकातून आत गेली तर आतल्या कानाला इजा करतात. दोन आठवड्यांनंतरही कान वाहतच असेल तर तो वेगळा आजार आहे, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं लागेल.

सासूबाईंच्या भीतीला उडवून लावू नका. त्यांच्या लहानपणी कानामागे गळू होऊन शस्त्रक्रिया झालेली मुलं खरंच असायची. पू कानामागच्या हाडात जाणं आजही होतं, पण आता ते फार दुर्मीळ आहे. ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींवरून काढलेला हिशेब असा की असं एक मूल वाचवायला जवळपास ४,८०० मुलांना अँटिबायोटिक द्यावं लागेल. शिवाय ज्यांना हा त्रास झाला त्यातल्या अनेकांनी आधीच अँटिबायोटिक घेतलेलं असतं. त्यामुळे औषध दिलं म्हणून निर्धास्त होता येत नाही, डोळे उघडे ठेवावेच लागतात. त्यांना या खुणा दाखवून ठेवा. कानामागे सूज, लाली, हात लावला की दुखणं. मागून पाहिलं तर एक कान पुढे आणि खाली ढकललेला दिसणं. चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं. मान ताठ, सतत उलट्या, झापड, चालताना तोल जाणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. सकाळ-संध्याकाळ कानामागे बोट फिरवून बघायचं काम त्यांच्याकडे सोपवलंत तरी चालेल. आजीची नजर या बाबतीत फार उपयोगी पडते.

आता ऐकू येण्याबद्दल. संसर्ग गेला तरी पडद्यामागचं पाणी लगेच जात नाही. दोन आठवड्यांनी निम्म्याहून जास्त मुलांत ते असतं, महिन्याने साधारण शंभरातल्या चाळिसांत, तीन महिन्यांनी दहा ते पंचवीस जणांत. अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांतही ते राहतं. तोपर्यंत कानात बोट घातल्यासारखं थोडं कमी ऐकू येतं. मूल हळू हाकेला वळत नाही, टीव्ही मोठा लावायला लावतं. पाणी ओसरलं की ऐकणं पूर्ववत होतं. या काळात कुणी पुन्हा कान बघून ‘अजून पाणी आहे’ म्हणून दुसरा, तिसरा कोर्स देऊ लागलं तर थांबून विचारा की पडदा फुगलाय का, मुलीला दुखतंय का, ताप आहे का. तिन्हीचं उत्तर नाही असेल तर ते जुनंच पाणी आहे.

तीन महिन्यांनी एकदा दोन्ही कान पुन्हा दाखवून घ्या. तेव्हाही पाणी असेल तर ऐकण्याची चाचणी करावी लागते, कारण २० महिने ते दोन वर्षं हा शब्द साठवण्याचा काळ आहे. मधल्या काळात ती नवे शब्द बोलतेय का, पाठीमागून हाक मारली तर वळतेय का, एवढं लक्षात ठेवा. सहा महिन्यांत तीनदा किंवा वर्षात चारदा असा कान झाला तर मात्र आधीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तपासणीला जाताना लसीकरणाचं कार्डही न्या. न्यूमोकोकसची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि नवव्या महिन्याचा डोस राहून गेलेली पुष्कळ मुलं मला कानाच्याच निमित्ताने भेटतात. तिचा राहिला असेल तर तो अजूनही देता येतो का ते त्याच दिवशी विचारून घ्या.